एका दिवसात ९४५ मिलिमीटर पाऊस? छापण्याआधी बातमी कशी तपासतात

पावसाळा सुरू झाला की कोकणातल्या प्रत्येक मोबाईलवर पावसाचे आकडे फिरू लागतात. कुठे ढगफुटी झालेली असते, कुठे 'विक्रमी' पाऊस, कुठल्या तरी नदीने धोक्याची पातळी ओलांडलेली असते. दुसऱ्या दिवशी पेपरात वेगळाच आकडा दिसतो आणि वाचक विचारतो, छापण्याआधी हे कोणी वाचत नाही का? वाचतात. बऱ्याच ठिकाणी हे काम डेस्कवर नव्याने आलेल्या प्रशिक्षणार्थी उपसंपादकाकडे, म्हणजे इंटर्नकडे येतं. तो नेमकं काय करतो आणि चूक कशी सापडते, हे एकाच छोट्या बातमीवरून पाहू.

दोन कामं, दोन नजरा

मुद्रितशोधन म्हणजे मजकूर नीट लिहिला आहे का हे पाहणं : ऱ्हस्वदीर्घ, अनुस्वार, गळलेला शब्द, दोनदा आलेली ओळ. तथ्यपडताळणी म्हणजे लिहिलेलं खरं आहे का हे पाहणं. 'गुहागरात १३४ मिलिमीटर पाऊस झाला' या वाक्यात शुद्धलेखनाची एकही चूक नाही, पण पाऊस खेडला पडला असेल तर वाक्य खोटं आहे.

ही दोन्ही कामं एकाच वाचनात होत नाहीत. वेलांटी शोधणारी नजर आकड्यावरून घसरते. आंबे निवडताना एकदा डागाळलेले बाजूला काढायचे आणि मग वजनाप्रमाणे प्रतवारी लावायची, तसंच हे आहे. आधी तथ्यं तपासायची आणि शुद्धलेखन शेवटी. उलट क्रमाने गेलात तर तथ्य दुरुस्त करताना टाईप झालेली नवी चूक तशीच छापली जाते.

तपासायला घेतलेली बातमी

पुढचा मजकूर सरावासाठी रचलेला आहे, पण त्यातली प्रत्येक चूक डेस्कवर नेहमी भेटणारी आहे.

"जिल्ह्यात मंगळवारी ढगफुटीसदृश पाऊस झाला. दिवसभरात तब्बल ९४५ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. रत्नागिरी तालुक्यात सर्वाधिक १२४ मिलिमीटर पाऊस पडला. यंदाचा पाऊस गतवर्षीपेक्षा ४३ टक्क्यांनी कमी आहे. चिपळूणच्या जगबुडी नदीने धोक्याची पातळी ओलांडली. 'घरात गुडघाभर पाणी शिरले,' असे भाटे येथील ग्रामस्थाने सांगितले."

पहिल्या वाचनात हात लावायचा नाही, बातमी कशाबद्दल आहे तेवढंच समजून घ्यायचं. दुसऱ्या वाचनात खरं-खोटं ठरू शकेल अशा प्रत्येक गोष्टीखाली रेघ मारायची : गाव, नदी, वार, आकडा, टक्केवारी, अवतरणातलं वाक्य, शिवाय 'सर्वाधिक', 'विक्रमी', 'पहिल्यांदाच' असे शब्द. हे शब्द आकड्यासारखे दिसत नाहीत, म्हणून सुटतात. पण 'सर्वाधिक' हा दावाच आहे, बाकी सगळे आकडे पाहिल्याशिवाय तो सिद्ध होत नाही. मग प्रत्येक रेघेसमोर समासात लिहायचं की हे कुठून आलं. ज्या रेघेसमोर काहीच लिहिता येत नाही, तिथून काम सुरू होतं.

९४५ : आकडा खरा, अर्थ खोटा

अनुभवी उपसंपादक आकडा पडताळायच्या आधी तो शक्य आहे का ते बघतो. २६ जुलै २००५ ला मुंबई बुडाली, तेव्हा सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला होता. आपल्या बातमीतला आकडा त्याच्याही पुढचा आहे, आणि तोही सबंध जिल्ह्याचा. असं खरंच झालं असतं तर बातमी सहा ओळींची नसती. म्हणजे काहीतरी चुकलंय. आता मूळ कागद मागायचा.

मूळ कागद म्हणजे प्रशासनाने सकाळी पाठवलेलं पावसाचं पत्रक. त्यात तालुक्यांचे आकडे असे आहेत असं धरू : मंडणगड ९६, दापोली १२१, खेड ८८, गुहागर १३४, चिपळूण ७९, संगमेश्वर ९२, रत्नागिरी १४२, लांजा ८७, राजापूर १०६. खाली लिहिलंय, 'एकूण ९४५ मिमी, सरासरी १०५ मिमी'. बातमीदाराने 'एकूण' हा शब्द पाहिला आणि तोच आकडा उचलला.

पत्रक खोटं बोलत नाही. नऊ तालुक्यांची बेरीज ९४५ च होते, पण ती सरासरी काढण्यापुरती केलेली असते. अंगणात नऊ बादल्या ठेवल्या आणि प्रत्येकीत चार बोटं पाणी साठलं, तर अंगणात छत्तीस बोटं पाऊस पडला असं कोणी म्हणणार नाही. पाऊस चार बोटंच. जिल्ह्याचा पाऊस १०५ मिलिमीटर, आणि बातमीत तोच हवा.

या पत्रकात आणखी एक बारकावा आहे. तालुक्याचा आकडा हाही त्या तालुक्यातल्या महसूल मंडळांच्या पर्जन्यमापकांवरून काढलेली सरासरीच असतो. शेतीच्या नुकसानीसाठी अतिवृष्टी धरताना मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला का ते बघतात. चिपळूणची सरासरी ७९ असली तरी तिथल्या एखाद्या मंडळात ५० च पडला असेल. म्हणून या आकड्यांवरून 'जिल्ह्यात सर्वत्र अतिवृष्टी' असा मथळा देता येत नाही, त्यासाठी मंडळनिहाय तक्ता लागतो. नुकसानभरपाईची वाट पाहणारा शेतकरी हा मथळा फार लक्ष देऊन वाचतो.

१२४ की १४२? नऊने भाग लावून बघा

बातमीत रत्नागिरीचा पाऊस १२४ आहे, पत्रकात १४२. पण पत्रक हाताशी नसेल आणि तालुक्यांचे आकडे फोनवरून लिहून घेतलेले असतील तर? तेव्हा बेरीज करायची. रत्नागिरीचे १२४ धरले तर नऊ तालुक्यांची बेरीज ९२७ येते, सांगितलेली ९४५ आहे. फरक १८. हिशेबनीस लोकांची जुनी युक्ती इथे कामी येते : फरकाला नऊने पूर्ण भाग जात असेल, तर कुठेतरी शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले असण्याची दाट शक्यता असते. अठराला नऊने भागलं की दोन येतात, म्हणजे उलटलेल्या दोन अंकांत दोनचा फरक असणार. १२४ मधल्या २ आणि ४ मध्ये तेवढाच आहे. अर्थात हा फक्त संशय. एखाद्या दुसऱ्या तालुक्यातही दोनच्या फरकाचे अंक असू शकतात, म्हणून शेवटी आकडा विचारूनच घ्यायचा.

फोनवर आकडा घेताना मराठीत घोळ होण्याचं कारण आपल्या संख्यानामांत आहे. आपण एकक आधी बोलतो आणि दशक नंतर, पण लिहिताना दशक आधी येतो. बेचाळीस ऐकून हात 'दोन' लिहायला निघतो. एकोणसत्तर म्हणजे ६९, पण घाईत 'सत्तर' तेवढंच कानात राहतं आणि ७० लिहिलं जातं. सदुसष्ट आणि सत्याहत्तर खराब रेंजमध्ये सारखेच वाटतात. त्यामुळे आकडा अंक सुटे करून उलट वाचून दाखवायचा, 'एक, चार, दोन, बरोबर?' हाताने लिहिलेल्या कागदावर १ आणि ९ ची गल्लत होते, तिथेही हाच उपाय.

मंगळवारचा पाऊस खरं तर सोमवारचा

पावसाची दैनंदिन नोंद सकाळी साडेआठला घेतात. मंगळवारी सकाळी आलेला आकडा सोमवारी साडेआठपासून मंगळवारी साडेआठपर्यंतचा असतो. 'मंगळवारी दिवसभरात' असं लिहिलं की जो पाऊस बहुतेक सोमवारी आणि रात्री पडला, तो चुकीच्या वारावर जातो. मंगळवारी लख्ख ऊन पडलेलं असेल तर वाचकाचा पुढच्या ओळीवरचा विश्वासच उडतो. 'मंगळवारी सकाळी साडेआठपर्यंतच्या चोवीस तासांत' हे लांबलचक वाटतं, पण अचूक आहे.

'ढगफुटीसदृश' हा शब्द तर काढूनच टाकायचा. हवामानशास्त्रात ढगफुटी म्हणजे साधारण वीस ते तीस चौरस किलोमीटरच्या छोट्या भागात एका तासात १०० मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस. आपल्याकडे आहे तो चोवीस तासांचा आकडा, तोही १०५. तासाची नोंद नसताना ढगफुटी झाली असं म्हणता येत नाही, झाली नाही असंही म्हणता येत नाही. 'सदृश' जोडून तो प्रश्न सुटत नाही. भारतीय हवामान विभागाच्या वर्गवारीत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर म्हणजे जोरदार पाऊस, त्यापुढे २०४.४ पर्यंत अतिजोरदार. 'जोरदार पाऊस' हा शब्द मथळ्यात भपकेबाज दिसत नाही, पण आकडा त्याच्या मागे उभा आहे.

४३ टक्के की ३० टक्के?

बातमीदाराच्या टिपणात आहे : गेल्या वर्षी याच तारखेपर्यंत १८०० मिलिमीटर, यंदा १२६०. फरक ५४० चा. त्याने ५४० ला १२६० ने भागलं आणि ४३ टक्के काढले. पण तुलना गतवर्षीशी आहे, तेव्हा भागायचं १८०० ने. उत्तर येतं ३० टक्के.

गोंधळ वाटला तर आंब्याच्या पेटीवर आणून बघा. गेल्या वर्षी १८०० रुपयांची पेटी यंदा १२६० ला मिळाली तर गिऱ्हाईक सवलत मूळ १८०० वरच मोजतं. 'पेक्षा' हे शब्दयोगी अव्यय ज्या शब्दाला लागलंय, त्याचा आकडा खाली येतो. 'गतवर्षीपेक्षा' म्हणजे गतवर्षीचा आकडा भाजक. टक्केवारी छापायची असेल तर मूळ दोन्ही आकडे हातात हवेतच. नुसती टक्केवारी आली असेल तर ती तपासता येत नाही, आणि जे तपासता येत नाही ते बातमीदाराला परत विचारायचं.

नदी चुकली की लोक चुकीच्या बाजूला पळतात

जगबुडी खेडजवळून वाहते, चिपळूण शहर वाशिष्ठीच्या काठावर आहे. जगबुडी पुढे वाशिष्ठीलाच मिळते, म्हणून बाहेरच्या माणसाला दोन्ही सारख्या वाटतात. पण २२ जुलै २०२१ चा पूर पाहिलेल्या चिपळूणकराला 'चिपळूणच्या नदीने धोका पातळी ओलांडली' ही ओळ वाचून काय वाटेल, याचा विचार करा. ही ओळ इंटर्नने सगळ्यात आधी थांबवायला हवी.

त्यातही पत्रकात 'इशारा पातळी' आहे आणि बातमीत 'धोक्याची पातळी' आली आहे, असं धरू. हे समानार्थी शब्द नाहीत. प्रत्येक नदीसाठी मीटरमध्ये ठरवलेल्या त्या दोन वेगळ्या खुणा आहेत, इशाऱ्याची खाली आणि धोक्याची वर. इथे नदीचं नाव, पातळी मीटरमध्ये, कोणती खूण ओलांडली आणि मोजणीची वेळ, या चारही गोष्टी आपत्ती नियंत्रण कक्षाकडून घ्यायच्या. वेळ सर्वांत महत्त्वाची, कारण भरती-ओहोटीबरोबर खाडीलगतची पातळी काही तासांत बदलते.

गावांच्या नावात सारखेपणाचे सापळे भरपूर आहेत. खेड रत्नागिरीतही आहे आणि पुणे जिल्ह्यातही. संगमेश्वर तालुक्याचं मुख्यालय संगमेश्वरला नसून देवरुखला आहे, त्यामुळे 'संगमेश्वर तहसील कार्यालयात' असं लिहिलेलं आलं की घटना कुठे झाली ते विचारायचं. आणि आपल्या बातमीतलं 'भाटे' हे खरं तर रत्नागिरीजवळचं 'भाट्ये' आहे. कुणीतरी जोडाक्षर चुकीचं समजून 'सुधारलं' असणार.

नावाला व्याकरण लागू नाही

हीच 'सुधारणा' आडनावांनाही होते. कोकणातला शेट्ये आणि दक्षिण कन्नडातून आलेला शेट्टी ही वेगळी माणसं. इंग्रजी पत्रकावरून नाव घ्यायचं असेल तर धोका आणखी वाढतो : एकाच रोमन स्पेलिंगचा माणूस पारकरही असू शकतो आणि परकारही. दोन्ही आडनावं आपल्याकडे आहेत. अशा वेळी अंदाज करायचा नाही. माणसाला फोन करून 'मराठीत कसं लिहिता?' एवढंच विचारायचं. तो स्वतः जसं लिहितो तेच शुद्धलेखन. फोन लागला नाही तर त्याने मराठीत सही केलेला कागद, शाळेची यादी किंवा निमंत्रणपत्रिका बघायची. समाजमाध्यमावरचं नाव बहुधा रोमन लिपीत असतं, ते इथे उपयोगी पडत नाही.

एकदा नक्की झालेलं नाव पूर्ण बातमीत, मथळ्यात आणि फोटोखालच्या ओळीत एकच आहे का, हे शोध घेऊन बघायचं. फोटोओळ बऱ्याचदा वेगळा माणूस लिहितो, म्हणून चूक तिथे टिकून राहते.

अवतरणचिन्हांच्या आत काय ठेवायचं

ग्रामस्थाच्या फोनचं रेकॉर्डिंग ऐकलं तर त्यात आहे : "घरात पानी नाय शिरला, अंगनात ढोपराएवडा होता." बातमीत आलं, 'घरात गुडघाभर पाणी शिरले'. 'नाय' निसटलं आणि अर्थ उलटा झाला. बातमीदार खोटं लिहीत नव्हता. त्याने पाच जणांशी बोलून संध्याकाळी आठवणीवर लिहिलं, आणि आठवण नेहमी जास्त भरलेल्या पाण्याकडे झुकते.

पद्धत अशी. रेकॉर्डिंग असेल तर ते वाक्य दोनदा ऐकायचं, आणि त्याच्या आधीची व नंतरची दोन वाक्यंही, कारण अर्थ बऱ्याचदा शेजारच्या वाक्यात असतो. रेकॉर्डिंग नसेल तर बातमीदाराची वही. वहीत फक्त मुद्दा असेल तर अवतरणचिन्हं काढायची आणि 'असे' लावून सांगायचं : अंगणात गुडघाभर पाणी होते, पण घरात शिरले नाही, असे एका ग्रामस्थाने सांगितले.

बोलीचं काय करायचं? 'पानी'चं 'पाणी' करावं की नाही, यावर डेस्कवर दोन मतं असतात. माझ्या मते दोनच वाटा प्रामाणिक आहेत : बोली जशी आहे तशी ठेवा, किंवा अवतरण काढून प्रमाण मराठीत आशय सांगा. प्रमाण मराठी बनवून अवतरणात घातलं की ते वाक्य त्या माणसाचं राहत नाही. आणि बोली ठेवायची तर सगळ्यांची ठेवायची. अधिकाऱ्याचं अडखळतं बोलणं घोटून गुळगुळीत करायचं आणि मच्छीमाराचं तेवढं तसंच छापायचं, हे योग्य नाही.

शेवटी शुद्धलेखन, आणि एक खास कोकणी चूक

तथ्यं बसल्यावर मुद्रितशोधन. ऱ्हस्वदीर्घाच्या चुका नजरेला दिसतात. दिसत नाहीत त्या जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये आणताना होणाऱ्या. 'ऱ्या' या अक्षराचं रूपांतर बिघडून 'र्या' होतं. 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा आणि 'दर्या' म्हणजे समुद्र. 'दऱ्यांमध्ये धुके' असं लिहायचं होतं आणि छापलं गेलं 'दर्यांमध्ये धुके'. दोन्ही शब्द खरे असल्यामुळे स्पेलचेक गप्प बसतो. मिऱ्या बंदराचं 'मिर्या' होतं तेही असंच. फॉन्ट बदललेल्या प्रत्येक मजकुरात 'र्या' शोधून एकेक जागा डोळ्याने बघायची. सगळीकडे एकदम बदल करायचा नाही, नाहीतर 'कार्यालय' आणि 'सूर्या'चं वाटोळं होतं.

'पण हे दुसऱ्या दोन पेपरांतही आलंय'

हा आक्षेप रोज येतो. दोघांनीही तेच पत्रक किंवा तोच फॉरवर्ड वाचला असेल तर ते दोन साक्षीदार होत नाहीत, एकाच साक्षीदाराचे दोन प्रतिध्वनी होतात. दुसरा पेपर कुठून बोलतोय हे कळलं तरच त्याला आधार मानायचं.

'पुस्तकात छापलंय, मग चूक कसं?'

पुस्तक त्याच्या काळात बरोबर असतं. 'दर्पण' ६ जानेवारी १८३२ ला सुरू करणारे बाळशास्त्री जांभेकर पोंभुर्ल्याचे. जुन्या पुस्तकांत पोंभुर्ले रत्नागिरी जिल्ह्यात सापडतं, आणि ते चूक नव्हतं. १ मे १९८१ ला सिंधुदुर्ग वेगळा जिल्हा झाला आणि पोंभुर्ले ज्यात येतं तो देवगड तालुका तिकडे गेला. म्हणून गाव, तालुका, जिल्हा किंवा पद यांच्यासाठी स्रोताचं वर्ष आधी बघायचं. आज लिहिताना सिंधुदुर्ग, जुन्या काळाबद्दल लिहिताना 'तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यातील'.

'एवढा वेळ कुठून आणायचा?'

पान सुटायला वीस मिनिटं असताना सगळं तपासता येत नाही, हे खरं. तेव्हा चुकलं तर सर्वांत जास्त नुकसान कशाने होईल, त्या क्रमाने जायचं. आपल्या बातमीत आधी नदी आणि पातळी, मग ९४५, मग अवतरण. टक्केवारी नंतर, आणि त्यालाही वेळ नसेल तर ते वाक्यच काढायचं. एक ओळ कमी झाल्याने बातमी अडत नाही. ऑनलाइन आवृत्ती नंतर दुरुस्त करता येते हे खरं असलं, तरी तोवर स्क्रीनशॉट तीन तालुक्यांत पोचलेला असतो आणि दुरुस्ती त्याच्या मागे जात नाही.

सगळं झाल्यावर बातमी अशी उरते :

"रत्नागिरी जिल्ह्यात मंगळवारी सकाळी साडेआठपर्यंतच्या चोवीस तासांत सरासरी १०५ मिलिमीटर पाऊस झाला. रत्नागिरी तालुक्यात सर्वाधिक १४२ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. यंदाचा आतापर्यंतचा पाऊस गतवर्षी याच तारखेपर्यंतच्या पावसापेक्षा ३० टक्क्यांनी कमी आहे. खेडजवळ जगबुडी नदीने इशारा पातळी ओलांडली. भाट्ये येथे अंगणात गुडघाभर पाणी होते, पण घरात शिरले नाही, असे एका ग्रामस्थाने सांगितले."

पातळीची वेळ आणि मीटरचा आकडा नियंत्रण कक्षाकडून आला की चौथ्या वाक्यात भरायचा. मग पानावर लावलेला मजकूर पुन्हा एकदा, या वेळी कागदावर काढून, सहकाऱ्यासमोर मोठ्याने वाचायचा. तो मूळ पत्रक हातात धरून ऐकतो. मथळा सगळ्यात शेवटी वाचायचा, कारण बातमीत ९४५ चे १०५ झाले तरी मथळ्यात अनेकदा ९४५ तसेच राहिलेले असतात.